अनुभव धागा: लग्नाची नोंदणी, नमुना 'ड' आणि तीन साक्षीदार

मुलुंडची_आत्या
काल भाचा आणि सूनबाई परिपत्रकाची छापील प्रत घेऊन माझ्याकडे आले. 'ज्ञापन', 'विहित शुल्क', 'वैयक्तिक कायदा' असे शब्द वाचून दोघं गोंधळली होती. माझा वॉर्ड ऑफिसातला नोंदणीचा टेबल डोळ्यांपुढे आला, म्हणून हा धागा. मी माहीत आहे ते लिहिते, तुम्ही भर घाला. पोरांना वाचायला देणार आहे.

लग्न कोल्हापूरला झालं, 14 फेब्रुवारीला. मुलगा मुलुंडचा, म्हणजे पालिकेचा टी विभाग. मुलगी कोल्हापूरची, आता इथेच. दोघांपैकी एकाचा पत्ता वॉर्डातला असला की नोंदणी तिथे होते, लग्न तिकडे झालं म्हणून कोल्हापूरला जायला नको.

कायदा 1998 चा, महाराष्ट्र विवाह मंडळांचे विनियमन आणि विवाह नोंदणी अधिनियम. त्यात मुदत 90 दिवसांची. लग्नाचा दिवस सोडून मोजलं तर फेब्रुवारीचे 14, मार्चचे 31, एप्रिलचे 30, झाले 75. उरले 15. म्हणजे 15 मे हा नव्वदावा दिवस. 90 दिवसांत शुल्क 50 रुपये, त्यानंतर वर्षापर्यंत 100, वर्ष उलटलं की 200. शिवाय नमुना 'ड', म्हणजेच ते 'ज्ञापन', नोंदणीचा फॉर्म, त्यावर 100 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. पैशापेक्षा मुदत पाळायची ती वेगळ्या कारणाने. उशीर झाला की 'आधी का नाही आलात' हा प्रश्न येतो आणि साक्षीदार पुन्हा गोळा करणं जड जातं.

शेवंती
आत्या, छान सुरुवात. पण नोटीस लावावी लागते ना 30 दिवस? आमच्या मजल्यावरच्या मुलाची लागली होती. मग 15 मे कसं जमणार?

फाईलवाला
शेवंतीताई, तो कायदा वेगळा. 1954 च्या विशेष विवाह कायद्याखाली विवाह अधिकाऱ्यापुढेच लग्न करायचं असेल तर 30 दिवसांची नोटीस. त्यासाठी फोर्टला जुन्या जकातघरात किंवा उपनगरासाठी बांद्र्याला जायचं. दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात नोटिसीआधी किमान 30 दिवस वास्तव्य लागतं आणि नोटिसीपासून तीन महिन्यांत लग्न करावं लागतं. आत्यांच्या पोरांचं लग्न विधिवत झालेलं आहे, त्यांना झालेल्या लग्नाची फक्त नोंद हवी आहे. तिथे नोटीस नाही.

लोक या दोन्हींना 'कोर्ट मॅरेज' म्हणतात, तिथेच घोळ सुरू होतो. साक्षीदार मात्र दोन्हीकडे तीनच.

शेवंती
हो का! बरं झालं विचारलं.

चुनाभट्टी_लोकल
(फोनवरून लिहितोय, कुकर लागलाय.) साक्षीदारांबद्दल नीट सांगा कुणीतरी. मित्रांना बोलवायचं म्हटलं तर सुट्टी मिळत नाही.

फाईलवाला
तिघेही सज्ञान हवेत, लग्नाला हजर असलेले हवेत, आणि नोंदणीच्या दिवशी नवराबायकोसोबत प्रत्यक्ष यायला हवेत. प्रत्येकाचं ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, पासपोर्ट आकाराचा फोटो. मूळ कागद सोबत आणा, नुसत्या झेरॉक्सवर काम होत नाही. आईवडील, भाऊबहीण चालतात. निवृत्त मामा-काका असतील तर त्यांनाच धरा, त्यांचा दिवस मोकळा असतो.

अडतं ते इथे. फॉर्मवर साक्षीदाराचं नाव 'सुरेश' आणि आधारवर 'सुर्यकांत'. घरात सुरेशकाका म्हणतात म्हणून फॉर्म भरणाऱ्याने तेच लिहिलं. सहीच्या वेळी कर्मचारी आधार समोर धरतो आणि फॉर्म परत करतो. म्हणून आधी तिघांच्या आधारच्या प्रती मागवा, त्या समोर ठेवून फॉर्म भरा, आठवणीतून नको.

मुलुंडची_आत्या
हेच वधूवरांच्या नावालाही. भाच्याच्या दहावीच्या दाखल्यावर चंद्रशेखर, पत्रिकेत 'चि. शेखर'. ते त्याने खोडलं नाही, बरंच केलं. पूर्ण नाव दाखल्याप्रमाणे लिहायचं, आणि नमुन्यात 'अन्य नाव असल्यास' अशी जागा असते तिथे 'शेखर'. मग पत्रिका आणि दाखला दोन्ही जुळतात.

वधूचं नाव लग्नाआधीचं, माहेरचं. ते वाचून सूनबाई म्हणाली, आधी आधारवर सासरचं नाव करून घेते.

नवी_पाटी
मीही तेच सांगणार होते. आधारवर नाव बदललं की सगळीकडे एकच नाव दिसतं, मग अडचण येत नाही. आधी आधार, मग नोंदणी.

मुलुंडची_आत्या
नाही गं. लग्नानंतरचं नाव आधारवर लावायला विवाह नोंदणीचं प्रमाणपत्रच मागतात. ते नसताना आधी आधार म्हणजे गाडीपुढे बैल नाहीत, तरी हाकायचं. क्रम उलटा: आधी नोंदणी माहेरच्या नावाने, मग प्रमाणपत्र, मग आधार, पॅन, बँक. आणि नाव बदलायचंच असं कुठेही बंधन नाही, हे सूनबाईला मी बजावून सांगितलं. तिला वाटत होतं की फॉर्म भरला म्हणजे नाव आपोआप बदलतं.

नवी_पाटी
अच्छा. मी पत्ता बदलण्याशी गल्लत केली. तो भाड्याच्या करारावरही होतो.

दादर_पूर्व
पत्त्याचं निघालंच आहे म्हणून विचारतो, जी/उत्तरच्या समोर चहा चांगला मिळतो का अजून? आमचं ऑफिस तिकडून हललं.

चुनाभट्टी_लोकल
मिळतो. पण धागा लग्नाचा आहे हो 🙂

काझीपुरा_वाचक
आमच्यात निकाह झाला असेल तर? गुरुजींची सही असं सगळीकडे लिहिलंय.

फाईलवाला
हा कायदा कोणत्याही धर्मपद्धतीने झालेल्या लग्नाला लागू आहे. नमुन्यात लग्न कोणत्या वैयक्तिक कायद्यानुसार झालं ही चौकट आहे, ती भरायची. ज्याने लग्न लावलं त्याची सही: भटजी, काझी, पाद्री, जे असतील ते. निकाहनामा जोडा, उर्दूत असेल तर भाषांतर सोबत. भटजींची सही हा खरा खोळंबा असतो. लग्न लागलं की ते पुढच्या मुहूर्ताला पळतात आणि दोन महिन्यांनी फोन उचलत नाहीत. त्यांचं नाव, वय, पत्ता आणि सही नमुन्यातच हवी, सोबत त्यांच्या ओळखपत्राची प्रत. ते स्वतः यायला लागत नाहीत, फॉर्म त्यांच्यापर्यंत न्यायचा. कोल्हापूरचे गुरुजी असतील तर आजच कुणाला तरी पाठवा.

दुसरा_डाव
माझं दुसरं लग्न आहे, परस्परसंमतीने घटस्फोट झालाय. मला काय लागेल? पहिलं लग्न 2016 चं, त्याची नोंदणीच केली नव्हती, तीही आता करायची का?

फाईलवाला
जुन्या लग्नाची नोंदणी आता नको. नमुन्यात लग्नाच्या वेळची स्थिती विचारतात: अविवाहित, विधुर/विधवा, घटस्फोटित. तिथे 'घटस्फोटित' लिहून हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत जोडा. झेरॉक्स नको, न्यायालयाच्या नक्कल विभागातून घेतलेली शिक्क्याची प्रत. हिंदू विवाह कायद्याप्रमाणे अपिलाची मुदत 90 दिवसांची आहे, नव्या लग्नाची तारीख त्यानंतरची आहे ना ते आधी मोजून बघा. जोडीदार गेलेला असेल तर मृत्यूचा दाखला.

दुसरा_डाव
आभार. 90 दिवस उलटून गेलेत, जीव भांड्यात पडला.

शेवंती
तुम्हाला खूप शुभेच्छा.

पत्रिका_हरवली
आमची पत्रिकाच छापली नव्हती, व्हॉट्सॲपवर निमंत्रण होतं.

मुलुंडची_आत्या
पत्रिका नसेल तर प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं: लग्न अमुक तारखेला, अमुक ठिकाणी, अमुक पद्धतीने झालं. आणि लग्नविधीचा फोटो हवा, ज्यात दोघांचे चेहरे स्पष्ट आहेत आणि विधी दिसतो. स्वागत समारंभाचा सोफ्यावरचा फोटो नको, त्यातून लग्न लागल्याचं कळत नाही.

एक गफलत पत्रिकेतूनच येते. आमच्याकडे लग्न 14 तारखेला कोल्हापूरला आणि स्वागत समारंभ 16 ला मुलुंडला, दोन्ही एकाच पत्रिकेत. सूनबाईने फॉर्मवर 'विवाहाचा दिनांक 16, ठिकाण मुलुंड' लिहिलं होतं. फॉर्म मुलुंडला द्यायचा म्हणून तिला तसं वाटलं. तारीख आणि ठिकाण जिथे लग्न लागलं तिथलंच लिहायचं.

पत्रिका_हरवली
प्रतिज्ञापत्र 500 च्या स्टॅम्पवर करायचं की साध्या कागदावर?

नवी_पाटी
माझ्या बहिणीला 500 चाच मागितला.

चुनाभट्टी_लोकल
आमच्याकडे साध्या कागदावर नोटरी करून घेतलं.

फाईलवाला
इथे एकमत होणार नाही. ज्या वॉर्डात जाणार तिथे खिडकीवर विचारून मगच पैसे खर्च करा.

मालाड_मार्वे
आठवडाभर सुट्टी नाही, कसं करायचं?

शेवंती
पालिकेने 2025 मध्ये शनिवार-रविवारीही सुरू केलं आहे. लवकर हवं असेल त्यांना जलद सेवाही आहे, पण त्याचे 2500 रुपये जास्तीचे. आधी ऑनलाइन अर्ज भरून वेळ घ्यावी लागते, थेट जाऊन उभं राहू नका.

मालाड_मार्वे
रविवारी! साक्षीदारांचं जमेल मग.

वडाळा_रेषा
हे प्रमाणपत्र मिळालं म्हणजे लग्न कायदेशीर झालं, बरोबर ना? मग विधी करायचं काम काय, थेट नोंदणी करू.

फाईलवाला
असं करू नका. प्रमाणपत्र हा लग्न झाल्याचा पुरावा आहे, लग्न नाही. 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की हिंदू विवाह कायद्याप्रमाणे विधीच झाला नसेल तर नुसत्या प्रमाणपत्राने लग्न होत नाही. परदेशी जायच्या घाईत काही जण कागद आधी आणि लग्न नंतर करतात, पुढे बिनसलं की दोघंही अडकतात. विधी नको असेल तर विशेष विवाह कायदा आहेच, 30 दिवस थांबा. उलट बाजूही खरी आहे: विधिवत झालेलं लग्न नोंदणी राहिली म्हणून रद्द ठरत नाही.

वडाळा_रेषा
समजलं. थांबतो.

आजी_विक्रोळी
मोबाइलवर मोठ्या अक्षरात नाही दिसत हे सगळं. नातीला वाचून दाखवायला सांगितलं. प्रमाणपत्रावर इंग्रजी नाव चुकलं तर?

मुलुंडची_आत्या
आजी, सही करायच्या आधीच वाचून घ्यायचं. इंग्रजी स्पेलिंग पासपोर्टवर असेल तसंच, एखादा 'ए' कमी-जास्त झाला तर व्हिसाच्या वेळी त्रास होतो. नंतर दुरुस्ती करायला पुन्हा कागद, पुन्हा फेरी.

मुलुंडची_आत्या
ताजी खबर. भाच्याच्या मित्राने कोल्हापुरात गुरुजींना गाठलं, सही झाली, फॉर्म रात्रीच्या गाडीने आला. आत्ता समोर घेऊन बसलेय. वयाच्या चौकटीत लग्नाच्या दिवशी पूर्ण झालेली वर्षं लिहायची असतात. भाच्याचा वाढदिवस 2 मार्चला असतो, त्याने आजचं वय टाकलंय. 28 चे 29 झाले आहेत आणि खाली गुरुजींची सही.

फाईलवाला
खाडाखोड करू नका आत्या. नवा नमुना 'ड' भरा आणि मित्राला परत गुरुजींकडे पाठवा. 15 मे ला अजून वेळ आहे.