धनु राशीचा वश्य गुण: 19 खरे की 18?

मुलुंडची_आई: मुलाची राशी धनु, पूर्वाषाढा पहिलं चरण. मुलीची मिथुन, मृग नक्षत्र. दादरच्या गुरुजींनी 19 गुण काढले, मुलीकडच्यांच्या ॲपमध्ये 18 आले. बाकी सगळं तेच, फक्त वश्य कूटात एकीकडे 2 आणि दुसरीकडे 1. खरं कोणतं धरायचं?

गिरगावकर_जोशी: ताई, मुलाच्या चंद्राचे अंश-कला सांगाल का? धनु राशी वश्यात मधोमध तुटते. पहिले 15 अंश मानव, पुढचे चतुष्पाद. मिथुन पूर्ण मानव. मानव-मानव जुळले की 2, चतुष्पाद-मानव असले की 1. पूर्वाषाढाचं पहिलं चरण 13 अंश 20 कलांपासून 16 अंश 40 कलांपर्यंत, म्हणजे 15 ची रेघ बरोबर त्याच्या मधून जाते. नुसतं नक्षत्र-चरण पाहून हा गुण ठरवताच येत नाही. मूळ नक्षत्र असतं तर प्रश्नच नव्हता, ते पूर्ण मानवात येतं.

मुलुंडची_आई: गुरुजींच्या पत्रिकेत धनु 14 अंश 20 कला लिहिलंय. ॲपमध्ये 15 अंश 46 कला दिसतंय. जन्मवेळ दोन्हीकडे हॉस्पिटलच्या कागदावरचीच घातली आहे.

गिरगावकर_जोशी: मग उकललं. गुरुजींनी चित्रापक्ष अयनांश घेतलाय, ॲपमध्ये रामन अयनांश निवडलेला असणार. दोघांत साधारण 1 अंश 26 कलांचा फरक पडतो आणि तुमच्या आकड्यांत नेमका तेवढाच आहे. चरण दोन्हीकडे पहिलंच राहतं, म्हणून बाकीची सात कूटं हलली नाहीत. ॲपच्या सेटिंगमध्ये चित्रापक्ष, म्हणजे लाहिरी, निवडा. 19 येतील. आपल्याकडची बहुतेक पंचांगं चित्रापक्षाची आहेत, तेव्हा दोन्ही पत्रिका त्याच अयनांशाच्या घ्या. एक या अयनांशाची आणि दुसरी त्या, असं मात्र कधीही करू नये.

परळ_विश्वास: जन्मवेळेतही चूक असू शकते की. दहा मिनिटांनी सगळं बदलतं.

गिरगावकर_जोशी: लग्नराशी बदलू शकते, वश्य नाही. चंद्र तासाला सरासरी अर्ध्या अंशाहून किंचित जास्त सरकतो. 14-20 वरून 15 गाठायला सव्वा तासाच्या आसपास लागेल. अंश 14-55 असते, तर मी स्वतःच वेळ पुन्हा तपासा म्हटलं असतं. मकरेतही हीच अडचण येते. तिचा पहिला अर्धा चतुष्पाद, दुसरा जलचर, आणि रेघ श्रवणाच्या दुसऱ्या चरणातून जाते.

परळ_विश्वास: पण मुळात वश्य म्हणजे एकाचं दुसऱ्यावर चालणं. मुलाची राशी वरचढ असेल तरच पूर्ण 2 मिळायला हवेत.

वसई_सुनीता: विश्वासराव, वश्य म्हणजे ताबा हे बरोबर, पण गुण त्याला मिळत नाहीत. कोष्टक बघा. पूर्ण 2 एकाच गटाला, म्हणजे जिथे कोणीच कोणाच्या ताब्यात नाही तिथे. एक वश्य आणि सोबत वैर असेल तर 1, वश्य पण भक्ष्यही असेल तर अर्धा, वैर आणि भक्ष्य दोन्ही असतील तर 0. मानवाला जलचर वश्य आहे, पण तोच त्याचं अन्नही, म्हणून कर्क-तूळ जोडीला अर्धाच. नुसतं वरचढ असण्याला बक्षीस असतं तर तिथे 2 दिसले असते.

परळ_विश्वास: दक्षिणेत तसं नाही. माटुंग्याला तमिळ जोशांकडे राशीला राशी लावून पाहतात. मेषेला सिंह आणि वृश्चिक वश्य. तिथे वश्य आहे किंवा नाही एवढंच, अर्धा गुण वगैरे नाही. आणि कोणाच्या राशीवरून मोजलं याला महत्त्व असतं.

वसई_सुनीता: ते मान्य. पण ती पद्धत वेगळी आहे, तिचा निकाल आपल्या 36 गुणांत मिसळू नका. आपल्याकडे मेष-वृश्चिक म्हणजे चतुष्पाद-कीटक, गुण 1.

डोंबिवली_मामा: माझ्या भाचीची सिंह राशी, मुलाची कन्या. वश्य 0 आलाय. ती नवऱ्याला दाबून ठेवेल असा अर्थ का?

गिरगावकर_जोशी: नाही मामा. सिंह वनचरात एकटीच आहे, त्यामुळे तिला 2 फक्त सिंहेशीच मिळतात. मानवाशी 0 हा त्या गटाचा हिशोब आहे, भाचीचा स्वभाव त्यातून निघत नाही. तुमच्या जोडीत सिंह-कन्या द्विर्द्वादश आहे, तिथे भकूटाचे सातही गुण गेलेत. आधी ते बघा.

परळ_विश्वास: आणि सिंहेचं चतुष्पादाशी? एका कोष्टकात 0, दुसऱ्यात अर्धा.

गिरगावकर_जोशी: हे खरं आहे, आणि यावर एकमत नाही. काही कोष्टकांत वर-वधू उलटे केले की आकडाही बदलतो. म्हणून सिंह असेल तेव्हा कोणतं कोष्टक वापरलं ते दोन्ही घरांनी आधी ठरवावं.

वसई_सुनीता: मुलुंडच्या ताई, 19 की 18 यात अडकू नका. मृग आणि पूर्वाषाढा दोन्ही मध्य नाडीची नक्षत्रं आहेत. तुमच्या बेरजेत नाडीचे आठही गुण शून्य असणार. गुरुजींना एकनाडीबद्दल विचारलंत का?

मुलुंडची_आई: नाही. त्यांनी फक्त बेरीज सांगितली. नाडीच्या रकान्यात खरंच 0 आहे. उद्याच फोन करते.