ताबा आधी की ओसी आधी?

«बिल्डर म्हणतो पंधरा दिवसांत ताबा घ्या, ओसी, म्हणजे भोगवटा दाखला, मागाहून देतो. पत्रात काय लिहू?»

ताई, ‘ताबा नाकारते’ असं मुळीच लिहू नका, ते तुमच्यावरच उलटेल. लिहा: ‘मी ताबा घ्यायला तयार आहे. पण रेरा कायद्याच्या कलम १९(१०) प्रमाणे दोन महिन्यांची मुदत ओसी मिळाल्यापासून धरतात, तुमच्या पत्रापासून नाही. कम्प्लिशन आणि ओसी या दोन्ही दाखल्यांच्या प्रती द्या.’

दोन्ही म्हणायचं कारण, गोव्यात कम्प्लिशन, म्हणजे बांधकाम पूर्ण झाल्याचा दाखला, नगरनियोजन खातं किंवा पीडीए म्हणजे नियोजन विकास प्राधिकरण देतं आणि ओसी पंचायत किंवा पालिका. पर्वरीत आम्हाला नुसतं कम्प्लिशन दाखवून ‘सगळं झालं’ सांगितलं होतं. पंचायतीत विचारलं तर ओसीसाठी अर्जच नव्हता! म्हणून दोन्हींचे क्रमांक आणि तारखा मागा. तोवर ‘अंतिम ताबा मिळाला’ या कागदावर सही करू नका.