भूकंपाचा इशारा फोनवर: भरवसा किती ठेवायचा?

निशिगंध: अँड्रॉइड फोन भूकंपाचा इशारा देतो म्हणतात. हादरा बसायच्या आत खरंच कळतं का, की नुसती समजूत आहे?

दगडफूल: कळतं ना. भूकंप होणार हे फोनला आधीच समजतं.

कंपमापक: होणार हे नाही, झालाय हे समजतं. टेबलावर स्थिर पडलेल्या फोनमधला अ‍ॅक्सेलरोमीटर पहिली, हलकी पी लहर टिपतो आणि अंदाजे ठिकाणासह सर्व्हरला कळवतो. एका फोनचं कुणी ऐकत नाही. एकाच भागातले बरेच फोन एकदम बोलले तरच भूकंप धरला जातो. मग जोरात हलवणारी एस लहर पोचण्याआधी इशारा पोचवायची शर्यत. समजा भूकंप १० किमी खोलीवर झाला आणि इशारा ८ व्या सेकंदाला निघाला. एस लहर सेकंदाला साधारण ३.५ किमी धावते. म्हणजे वर साधारण २६ किमीच्या आत असलेल्यांना ती आधीच गाठते. ६० किमीवरच्या माणसाला मात्र नऊएक सेकंद मिळतात, टेबलाखाली शिरायला पुरेसे.

रानवारा: म्हणजे ज्यांना सगळ्यात जास्त गरज, तेच उपाशी. आणि तुर्कस्तानात ६ फेब्रुवारी २०२३ ला काय झालं? पहाटे ४:१७, फोन टेबलावर निवांत पडलेले, याहून सोयीची वेळ नाही. भूकंप ७.८ चा, पण प्रणालीने पहिल्या अंदाजात ४.५ ते ४.९ धरला. जागं करणारा मोठा इशारा जेमतेम ४६९ लोकांना गेला.

कंपमापक: ती चूक गंभीरच होती आणि गूगलने ती नंतर मान्यही केली. अडचण अशी की मोठा भूकंप एका क्षणात घडून संपत नाही. भूभ्रंश फाटत जायला मिनिटभराहून जास्त लागू शकतं, आणि पहिल्या सेकंदांत तो लहान भूकंपासारखाच दिसू शकतो. सुधारित गणिताने तोच भूकंप पुन्हा चालवून पाहिल्यावर १ कोटी लोकांना मोठा इशारा गेला असता असं निघालं.

रानवारा: मागाहून गणित जुळणारच. शंका आली की लगेच मोठा इशारा द्या, उंबरठा खाली आणा.

कंपमापक: आणा, पण मग खोटे इशारे वाढतील. एकदा एका सामूहिक सूचनेने पुष्कळ फोन एकदम थरथरले आणि तोच भूकंप समजला गेला. दोनचार वेळा असं झालं की लोक इशारा बंदच करून टाकतात.

रानवारा: खोट्या इशाऱ्याने झोप मोडते. चुकलेल्या इशाऱ्याने जीव जातो. मला हे दोन एका तागडीत तोलता येत नाहीत.

निशिगंध: माझा फोन रात्री ‘डू नॉट डिस्टर्ब’वर असतो. मग वाजणारच नाही?

कंपमापक: मोठा इशारा ते मोडून मोठ्याने वाजतो. सौम्य इशारा मात्र तुमचं सेटिंग पाळतो आणि गप्प राहतो. तुर्कस्तानात सुमारे ५ लाख फोनवर गेला तो हा सौम्य इशारा.