मदत हवी आहे: C9H10O2 चं संयुग कीटोन की एस्टर?

प्रोटॉन एनएमआरचा फक्त फोटो मिळाला आहे. तो तिरका आहे आणि इंटिग्रेशनच्या रेषा कापल्या गेल्या आहेत. द्रावक CDCl3. टीएमएस 0 आणि क्लोरोफॉर्म 7.26 धरून पट्टी जुळवली, तेव्हा 7.93 आणि 6.93 ला डब्लेट, 3.86 आणि 2.55 ला सिंगलेट आले. आयआरमध्ये 1678, 1600, 1258. 3300 च्या आसपास काहीच नाही.

सूत्रावरून असंपृक्तता 5 येते: बेंझिन वलयाच्या 4, कार्बोनिलची 1. दोन डब्लेट म्हणजे पॅरा जोडणी. 3.86 मेथॉक्सीचा, 2.55 कार्बोनिलला लागून असलेल्या मेथिलचा. म्हणून माझा अंदाज 4-मेथॉक्सीअ‍ॅसिटोफिनोन.

शंका मिथाइल 4-मेथिलबेंझोएटची आहे. त्याचेही दोन डब्लेट, दोन सिंगलेटच. त्यांची जागा साधारण 3.90 आणि 2.40. फोटोतल्या मापात 0.15 ची चूक सहज होते, त्यामुळे सिंगलेटवर मी विसंबत नाही. पण एस्टरचा दुसरा डब्लेट 7.2 जवळ, क्लोरोफॉर्मला खेटून हवा. इथे तो 6.93 ला आहे, कारण मेथॉक्सीचा ऑक्सिजन शेजारच्या ऑर्थो प्रोटॉनना इलेक्ट्रॉन पुरवतो. एस्टरचं कार्बोनिल 1720 जवळ दिसलं असतं. 1678 संयुग्मित कीटोनलाच शोभतं. 1258 मात्र निर्णायक नाही, एस्टरलाही तिथेच C–O असतो.

दोन प्रश्न: डब्लेटच्या आतल्या बारीक रेषा पॅरा वलयाच्या नेहमीच्याच, की ऑर्थो समघटकाची भेसळ? आणि इंटिग्रेशनशिवाय 3:3 कसं ठरवावं? शिखराची उंची म्हणजे क्षेत्रफळ नव्हे.