मदत हवी आहे: डीईएफची टाकी भरलेली, तरी इशारा जात नाही (बीएस६ ट्रक)

कराडचा_गाडीवाला
नमस्कार मंडळी. माझा सहाचाकी बीएस६ ट्रक कराडहून वाशीला भाजीपाला नेतो. डीईएफची टाकी काठोकाठ भरलेली आहे, काटाही फुल दाखवतो. तरीही डॅशवर डीईएफचा दिवा आणि चेक लाईट लागलेली आहे. आता खंबाटकीला गाडी ओढतच नाही, मागून सगळे हॉर्न मारतात. वर्कशॉपवाले म्हणतात, मागचा नॉक्स सेन्सर गेला, बदलावा लागेल. खर्च मोठा आहे, म्हणून आधी विचारतोय. टाकी भरलेली असताना इशारा येतोच कसा?

नाशिककर७
डीईएफ भेसळीचं असणार. सगळं काढून टाका आणि सीलबंद कॅनमधलं भरा. पाणी मिसळलं की असंच होतं.

माई_ट्रान्सपोर्ट
आमच्या गाडीलाही असंच झालं होतं! टाकी भरली तरी काटा रिकामाच. टाकीतला लेव्हल सेन्सर बदलला आणि काम झालं. तुम्हीही तोच बघा.

कराडचा_गाडीवाला
ताई, माझा काटा बरोबर आहे, फुलच दाखवतो.

फिटर_सांगली
दादा, दिवा एकच असला तरी त्यामागची कारणं बरीच असतात. टाकीत किती आहे हे कॉम्प्युटर बघतोच, पण त्याला खरं बघायचं असतं ते धुरातला नॉक्स कमी झाला का. डीईएफ फवारल्यावर नॉक्स कमी होतो तो एससीआरमध्ये. एक सेन्सर त्याच्या आधी बसतो, एक नंतर. समजा आधी 600 पीपीएम आणि नंतर 60 आला, तर 90 टक्के काम झालं. नंतरही 300 येत असेल तर निम्मंच झालं, आणि मग टाकी भरलेली असो वा नसो, इशारा येणार. मागच्या सेन्सरकडून आकडाच येत नसेल, तर काम झालं की नाही हे कळायला मार्ग उरत नाही. म्हणून तेव्हाही इशारा येतो आणि पुढे ताकद कापली जाते.

नाशिककर म्हणतात ते अर्धं खरं आहे. डीईएफमध्ये युरिया 32.5 टक्के हवा, पाणी जास्त झालं तर नॉक्स कमी होत नाही. पण टाकी ओतण्याआधी रिफ्रॅक्टोमीटरवर एक थेंब टाकून बघा.

आधी कोड सांगा. नुसतं "सेन्सर गेला" यावर नवा घेऊ नका.

कराडचा_गाडीवाला
स्कॅनर लावून घेतला. चालू कोड `SPN 3226 FMI 9`, जुन्यात `SPN 4364 FMI 18`. रिफ्रॅक्टोमीटरवर 32.5 च्या आसपास आलं.

फिटर_सांगली
म्हणजे डीईएफ ठीक आहे. `3226` हा मागचा नॉक्स सेन्सर. `FMI 9` म्हणजे त्याचा निरोप वेळेवर पोचत नाही. सेन्सर मेलेला असेल, किंवा त्याला करंटच मिळत नसेल, किंवा आकडे कॉम्प्युटरकडे नेणारी कॅनची तार तुटली असेल. चावी चालू करून सॉकेटमध्ये 24 व्होल्ट आणि अर्थ मिळतो का बघा. मग बॅटरी सोडून कॅनच्या दोन तारांमध्ये ओहम मोजा, 60 च्या जवळ यायला हवेत. सायलेन्सरजवळ वायरिंग कुठे घासलं आहे तेही नीट बघा. सेन्सरची स्वतःची केबल मात्र कापून जोडू नका. टोक आणि डबा एकत्र कॅलिब्रेट केलेले असतात.

नाशिककर७
एवढं कशाला? एक डबी मिळते, ती लावली की दिवा लागतच नाही.

फिटर_सांगली
ती डबी खोटे आकडे पाठवते, नॉक्स तसाच हवेत जातो. ते बेकायदेशीर आहे, मी कुणालाही सांगणार नाही.

कराडचा_गाडीवाला
सापडलं! क्रॉस मेंबरच्या क्लॅम्पखाली हार्नेसची नळी फाटली होती. आतली पॉझिटिव्ह तार हिरवी पडून तुटायला आली होती. सॉकेटवर व्होल्ट कधी येत, कधी जात होते. नवी तार टाकली, वर स्लीव्ह चढवली. `3226` आता चालू कोडमध्ये नाही. पण दिवा अजून आहे.

फिटर_सांगली
थंड धुरात पाणी असतं, म्हणून सेन्सर लगेच तापवत नाहीत. गरम सिरॅमिकवर थेंब पडला तर ते तडकतं. गाडी लोडवर चांगली तापू दे, मग दोन्ही आकडे सुरू होतील आणि तपासणी पूर्ण होईल. काही गाड्यांना स्कॅनरनेच रीसेट लागतो.

जुना `4364` मात्र सोडू नका, तो एससीआरचं काम कमी पडल्याचा कोड आहे. तो परत आला तर डोसिंग इंजेक्टर काढून पांढरे खडे साचलेत का बघा. आणखी एक गोष्ट, हा सेन्सर अमोनियालाही नॉक्स समजतो. डीईएफ जास्त फवारलं गेलं तरी मागचा आकडा वाढतो, आणि लोक चांगला सेन्सर बदलून मोकळे होतात.

कराडचा_गाडीवाला
आज रात्री लोड घेऊन निघतोय. `4364` परत आला तर दोन्ही सेन्सरचे आकडे इथे टाकतो.

माई_ट्रान्सपोर्ट
भाऊ, नक्की टाका. आमच्या दुसऱ्या गाडीला तोच `4364` येतोय, आणि ती गावातच थोडं थोडं फिरते.