मदत हवी आहे: वहिनीचं स्वतःच्या प्राण्याचं वर्ष आहे, त्या वर्षी लग्न करतात का?

माझ्या दादाचं लग्न सिंगापूरच्या चिनी कुटुंबात ठरलंय, डिसेंबर २०२६ ची तारीख धरलीये. चिनी पंचांगात प्रत्येक वर्ष बारापैकी एका प्राण्याचं असतं; होणारी वहिनी ऑगस्ट १९९० ची म्हणजे घोडा, आणि २०२६ पण घोड्याचंच वर्ष, दर १२ वर्षांनी येतं तसं. तिची आजी म्हणते स्वतःच्या वर्षात त्या वर्षाची देवता ताई स्वे दुखावते, त्यामुळे मोठं काही करू नये. पण तिची मावशी अगदी उलट सांगते, की अशा वर्षात शुभकार्य झालं तर तीन संकटं टळतात, फक्त मोठ्यांनी दिलेलं काहीतरी लाल, पट्टा किंवा आतले कपडे, वर्षभर अंगावर ठेवायचं. दोन्ही समजुती खऱ्याच चालत आलेल्या आहेत म्हणे, मग ऐकायचं कोणाचं?

दादा २० जानेवारी १९९० चा, तर नेटवरच्या तक्त्यात तोही घोडा दिसला आणि आई घाबरली. पण त्या साली चिनी नवं वर्ष २७ जानेवारीला लागलं, म्हणजे तो आधीच्या वर्षातला साप, त्याचं वर्ष २०२५ मध्येच येऊन गेलं. जानेवारी-फेब्रुवारीत जन्मलेल्यांनी हे नक्की तपासा.

घोड्याचं वर्ष ५ फेब्रुवारी २०२७ ला संपतं. कोणाच्या घरी असं चिनी-मराठी लग्न झालंय का? तुम्ही तारीख पुढे ढकलली की लाल वस्तूंवर भागलं? आजींचं मन न दुखवता हा विषय कसा काढायचा ते प्लीज सांगा, हॉल या आठवड्यात कन्फर्म करायचाय.