मदत हवी आहे: ‘पाट’ हा एक शब्द की दोन?

सांगलीत नववीच्या वर्गासाठी तक्ता करतेय. ‘शिर’ (डोकं) आणि ‘शीर’ (रक्ताची) कानाला सारखेच, म्हणून होमोफोन. ‘हे जग’ आणि ‘सुखाने जग’ यांत लेखन एकच, पण ‘ज’ वेगळा, म्हणून होमोग्राफ. उसाचा डोळा माणसाच्या डोळ्यावरूनच आला, म्हणजे पॉलिसेमी. फुलांची ‘ती माळ’ आणि ओसाड ‘तो माळ’ हे होमोनिम; लिंगावरूनच कळतं.

अडलंय ‘पाटा’वर. बसायचा पाट आणि कॅनॉलचा पाट, दोन्ही पुल्लिंगी, रूपंही तीच. ‘आजोबा पाटावर बसले आणि तो शेतात सोडला’ असं वाक्य करून पाहिलं. पोरं हसली, पण असा विनोद पॉलिसेमीतही होतोच की!

व्युत्पत्ती वर्गाला झेपणार नाही. ती टाळून हे दोन शब्द की एकाच शब्दाचे दोन अर्थ, हे कशावरून ठरवायचं?